नुसतं ‘स्विफ्ट’ सांगून भागत नाही

वायपर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, “गाडी कोणती?” आपण म्हणतो, “स्विफ्ट.” तो मागच्या फळीवरून एक पाकीट काढून समोर ठेवतो. सीट कव्हरच्या दुकानातही हेच घडतं. पुण्याच्या नाना पेठेत असो की मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, बहुतेक खरेदी या एका प्रश्नावर आणि एका उत्तरावर उरकते, आणि इथेच घोटाळा होतो. मारुतीची स्विफ्ट आपल्याकडे २००५ साली आली. त्यानंतर २०११, २०१८ आणि २०२४ साली ती मुळापासून नवी झाली. मागच्या दारावरचं नाव तेवढं तेच राहिलं. वॅगनआरचं तसंच आहे, आय-ट्वेंटीचंही. त्यामुळे दुकानात सांगायच्या गोष्टी तीन आहेत: गाडीचं नाव, ती कारखान्यातून कधी बाहेर पडली, आणि व्हेरिएंट कोणता.

यातली दुसरी गोष्ट आरसीवर सापडते. फक्त नोंदणीची तारीख वाचू नका, उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. नवी पिढी बाजारात येते त्या सुमारास शोरूममधल्या जुन्या गाड्याही विकल्या जात असतात. म्हणून २०२४च्या जूनमध्ये नोंदलेली स्विफ्ट जुन्या पिढीचीही असू शकते. व्हेरिएंट खरेदीच्या बिलावर असतो. सीट कव्हरच्या बाबतीत हा तपशील जिवाशी गाठ घालणारा आहे.

चिपळूणला राहणाऱ्या माझ्या वहिनीचंच उदाहरण घेऊ. तिच्याकडे आधी २०१९ची स्विफ्ट होती. ती विकून तिने २०२४च्या शेवटी नवी स्विफ्ट घेतली. जुन्या गाडीची कव्हरं चांगली जाड, शिवून घेतलेली, म्हणून ती काढून माळ्यावर ठेवली होती. नव्या गाडीच्या सीटवर डाग पडायला लागले तेव्हा तिचा फोन आला, “भाऊजी, कव्हरं जुनीच घालते. स्विफ्टचीच तर आहेत. आणि पावसाळ्याआधी वायपरही बदलायचेत, तेही सांगा.”

आधी वायपर घेऊ, कारण चिपळूणला तो प्रश्न जूनच्या पहिल्या आठवड्यातच उभा राहतो.

वायपरचं माप म्हणजे काच पुसणाऱ्या रबराची लांबी. दांडा किंवा वरचं प्लास्टिकचं टोपण त्यात धरायचं नाही. शिवणकामाची टेप घेऊन रबराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्याच्या वळणाबरोबर मोजायचं. दुकानात मापं इंचात चालतात. साधारण ४० सेंटिमीटर म्हणजे १६ इंच, ४५ म्हणजे १८, ५० म्हणजे २०, ५५ म्हणजे २२ आणि ६० म्हणजे २४. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, कारण ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर बहुधा लांब असतो आणि शेजारचा आखूड. इंटरनेटवर माप शोधणाऱ्यांनी एक सांभाळावं. परदेशी याद्यांत ‘डावा’ आणि ‘उजवा’ असं लिहिलेलं असतं आणि तिथला ड्रायव्हर बऱ्याचदा डावीकडे बसतो. आपल्याला ‘ड्रायव्हरची बाजू’ हाच शब्द कामाचा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत माप दिलेलं असेल तर तेच खरं माना, कारण गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने चुकीचं माप लावून ठेवलेलं असू शकतं.

“एक इंच मोठा घ्या, जास्त काच पुसली जाईल,” असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो ऐकू नये. ड्रायव्हरच्या बाजूचं लांब पातं वर जाताना काचेच्या कडेच्या खांबाला टेकतं किंवा परतताना दुसऱ्या पात्याला घासतं. तसं झालं नाही तरी काचेच्या कडेला वळण जास्त असतं आणि तिथे पात्याचं टोक अधांतरी राहतं. वाढलेली लांबी काहीच पुसत नाही आणि मोटरवरचा भार तेवढा वाढतो.

लांबीनंतर येतो दांड्याचा जोड. मारुती, ह्युंदाई आणि टाटाच्या बहुतेक हॅचबॅकच्या दांड्याचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं असतं. त्याला दुकानात ‘यू हुक’ म्हणतात. फोक्सवॅगन पोलोसारख्या काही गाड्यांत आकडा नसतो, दांड्याचं टोक सरळ असतं आणि पातं खटक्याने अडकतं. पाकिटात दोन-तीन प्लास्टिकचे जोड देऊन ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं असलं, तरी आपला जोड त्यात आहे का हे दुकानाच्या दारात गाडी उभी करून, प्रत्यक्ष अडकवूनच पाहावं. बसल्यावर बारीकसा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नंतर पातं दांड्याच्या दिशेने हलकेच ओढून पाहायचं, ते निसटता कामा नये. जोडात सैलपणा राहिला तर पातं दर फेरीला डुगडुगतं आणि लोक रबराला दोष देतात. बदलताना एक काळजी अवश्य घ्या. पातं काढलेला दांडा तसाच उभा सोडू नका. त्याला आतून कडक स्प्रिंग असते. तो सटकला तर लोखंडी टोक थेट काचेवर आपटतं आणि काच तडकते. खाली जाड टॉवेल घडी करून ठेवायचा.

आता रबर. वायपरचं सगळं काम रबराच्या एका पातळ ओठावर चालतं. पातं डावीकडे जाताना हा ओठ उजवीकडे झुकून मागून ओढला जातो. परतताना तो उलटून दुसरीकडे झुकतो. हे उलटणं सहज झालं की काच स्वच्छ आणि आवाज शून्य. उन्हात उभ्या गाडीचा ओठ महिनोन्महिने एकाच बाजूला दबून राहतो, ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, आणि मग तो उलटायचं सोडून देतो. जाताना नीट पुसतो, येताना उड्या मारतो. म्हणून फक्त एकाच दिशेला थरथर होत असेल तर ओठ कडक झालाय किंवा दांडा थोडा पिळवटलाय असं समजावं. घरच्या घरी तपासायचं तर दांडा उचलून बोटाने ओठ एका बाजूला वाकवा आणि सोडा. तो लगेच सरळ झाला तर जिवंत आहे.

बाकीची लक्षणंही बोलकी असतात. कायम एकाच जागी बारीक ओळ उमटत असेल तर तिथे ओठाला चीर गेली आहे किंवा खडा अडकला आहे. मधोमध चंद्रकोरीसारखा पट्टा पुसायचा राहत असेल, तर पात्याचं वळण काचेशी जुळत नाही किंवा दांड्याची स्प्रिंग सैल पडली आहे. ती सैल असेल तर नव्या रबराने काही होणार नाही. आणि सगळ्या काचेवर दुधी पापुद्रा फिरत असेल तर दोष बहुधा काचेचाच असतो. धुराचा तेलकट थर, गाडी धुणाऱ्याने काचेवरून फिरवलेलं पॉलिश, बोअरच्या पाण्याचे वाळलेले क्षार, हे सगळं काचेवर साठतं. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाड्यांच्या काचेवर हात फिरवला की हा खरखरीतपणा बोटांना लागतो, आणि तोच नव्या रबराची धार खातो. नवे वायपर लावण्याआधी काच घासून साफ केली नाही तर पैसे अर्धे वाया गेले म्हणून समजा.

पात्यांचे प्रकार मुख्यतः दोन. जुन्या पद्धतीच्या पात्यात लोखंडी कमानींचा सांगाडा असतो आणि तो रबराला ठरावीक जागी दाबतो. नव्या सपाट पात्यात रबरामागे वाकवलेली स्प्रिंगची पट्टी असते आणि दाब सगळ्या लांबीवर पसरतो. सपाट पातं दिसायला चांगलं आणि वेगात वाऱ्याने कमी उचललं जाणारं, हे खरं. पण त्या पट्टीचं वळण एखाद्या विशिष्ट काचेसाठी घडवलेलं असतं. ‘सर्व गाड्यांसाठी’च्या स्वस्त सपाट पात्यापेक्षा आपल्या मॉडेलसाठी बनवलेलं साधं कमानीचं पातं मला केव्हाही चांगलं वाटतं. सिग्नलवर किंवा गॅरेजात नुसतं रबर कापून घालून देतात, तेही चालतं, मात्र सांगाडा गंजलेला नसावा आणि रबराचं कुलूपाचं टोक खाचेत पक्कं बसलेलं असावं. ते सुटलं की रबर सरकत बाहेर येतं आणि पत्रा काचेवर फिरतो. तो ओरखडा मग काच बदलेपर्यंत जात नाही.

सिलिकॉनचं रबर महाग असतं. ऊन ते जास्त सोसतं आणि काचेवर पाणी न थांबू देणारा पातळ थर सोडतं. काचेवर आधीच दुसरं कोटिंग असेल तर मात्र ते थरथरू शकतं. ग्राफाइटचा हात दिलेलं साधं रबर आपल्याकडे एका पावसाळ्याला पुरेसं आहे. घेताना पाकिटावर छापलेला उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारं होत असतं.

हॅचबॅकवाल्यांचा स्वतःचा असा एक वायपर आहे, तो मागचा. हॅचबॅकची मागची काच बरीच उभी असते. गाडी धावताना तिच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागच्या चाकांनी उडवलेला चिखल-पाणी त्यात ओढलं जाऊन काचेवर बसतं. कशेडीच्या घाटात पावसात मागची काच काही मिनिटांत का माखते, त्याचं हे कारण. खालच्या व्हेरिएंटला बहुधा हा वायपर नसतोच. जिथे असतो तिथे तो क्वचित वापरला जातो, म्हणून त्याचं रबर कुणाच्या लक्षात न येता दगड होतं. त्याचा जोड पुढच्यासारखा सर्वसामान्य नसतो. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा दांडा असतो आणि पातं त्याच्या खास खाचेत बसतं. इथे अंदाज चालत नाही. जुनं पातं सोबत न्या, किंवा कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून आपल्या वर्षाचंच मागा.

वहिनीच्या वायपरचं काम टेप, पुस्तिका आणि दुकानाच्या दारातली चाचणी एवढ्यात आटोपलं. कव्हरांचं मात्र तसं नव्हतं.

तिला म्हटलं, “वहिनी, ड्रायव्हरचं दार उघडा आणि सीटच्या पाठीची दाराकडची बाजू बघा. तिथे एखादी छोटी पट्टी शिवलेली दिसते का?” पट्टी होती, आणि तिच्यावर एअरबॅग असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. २०१८च्या पिढीच्या स्विफ्टमध्ये दोनच एअरबॅग होत्या, स्टिअरिंगमध्ये आणि समोरच्या डॅशबोर्डमध्ये. २०२४च्या पिढीत सगळ्याच व्हेरिएंटना सहा आल्या. वाढलेल्या चारांपैकी दोन छताच्या कडेला असतात, त्यांचा कव्हराशी संबंध नाही. उरलेल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, कापडाच्या आत घडी करून ठेवलेल्या असतात. बाजूने धडक बसली की माणूस आणि बाहेरची गाडी यांच्यात एका दाराचीच जाडी असते. म्हणून ही एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात, सीटची शिवण फाडून बाहेर यावी लागते. ती शिवण तिथे मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. त्यावरून जुन्या गाडीचं जाड, चहूबाजूंनी बंद कव्हर चढवलं तर एअरबॅगला फाडायला आणखी एक मजबूत थर मिळतो. ती उशिरा उघडते किंवा भलत्याच दिशेला फुगते. जुनी कव्हरं जुन्या गाडीसाठी अगदी योग्य होती. नव्या गाडीच्या पुढच्या सीटवर ती घालणं धोक्याचं होतं.

ही गोष्ट फक्त स्विफ्टची नाही. ह्युंदाईने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या मॉडेलांना सहा एअरबॅग दिल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या गाड्यांत त्या वरच्या व्हेरिएंटपुरत्या असू शकतात. म्हणजे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना वेगळी कव्हरं लागू शकतात. दुकानदाराला व्हेरिएंट सांगायचा तो यासाठी.

अशा सीटसाठी दोन प्रकारची कव्हरं मिळतात. एकात पाठीची दाराकडची बाजू एअरबॅगच्या जागी उघडीच सोडलेली असते. दुसऱ्यात त्या जागी सहज तुटणाऱ्या खास दोऱ्याची शिवण असते. ती शिवण नेमकी एअरबॅगच्या समोर यायला हवी, म्हणून डावं आणि उजवं कव्हर अदलाबदल करून चालत नाही. खास शिवणीच्या कव्हराला त्या जागी लेबल असतं आणि बनवणाऱ्याकडे चाचणीचा कागद असतो. “इलॅस्टिक आहे साहेब, आपोआप सुटेल,” हे उत्तर मिळालं तर दुसरं दुकान गाठा. दुकानदार कागद दाखवू शकत नसेल तर बाजू उघडी असलेलं कव्हर घ्या किंवा गाडीच्या कंपनीचं त्या व्हेरिएंटसाठीचं घ्या. मी वहिनीला उघड्या बाजूचं घ्यायला लावलं, कारण तिथे उघडं आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं.

मग फिटिंग. दुकानात ‘बकेट फिट’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्यात बघायचं ते एकच: सीटला जिथे खोलगट घड्या आहेत, तिथे कव्हर आत ओढलेलं आहे का. साधं कव्हर त्या खळग्यांवरून ताणून बसतं आणि मधे पोकळी राहते. माणूस बसला की ती दबते, उठला की वर येते, आणि हा ताण टाक्यांवर पडून सहा महिन्यांत शिवण उसवते. चांगल्या कव्हराला तिथे आतून पट्टे किंवा वेल्क्रो असतात, आणि ते सीटखाली नेऊन बांधतात. बांधणारा सीटखाली हात घालेल तेव्हा त्याच्याजवळ उभे राहा. तिथल्या पिवळ्या जोडांच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हुक अडकवायचा नाही, त्या ओढायच्याही नाहीत. काम झालं की सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून पाहायची.

मागच्या सीटला पट्ट्यांची बक्कलं वर राहिली पाहिजेत. कितीतरी गाड्यांत ती कव्हराखाली गाडलेली सापडतात आणि मग मागे बसणारा पट्टा लावायचा प्रयत्नही करत नाही. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती केली, पण बक्कलच दडलेलं असेल तर पट्टा लावणार कशात? लहान मुलाची सीट बसवण्याचे आयसोफिक्सचे लोखंडी कडेही बैठक आणि पाठ यांच्या फटीत असतात. तिथे बोट जायला हवं. मागची पाठ दोन भागांत दुमडणारी असेल तर कव्हरही दोन भागांत हवं.

शेवटी कापड. दुकानात ‘नापा’, ‘आर्ट लेदर’, ‘लेदरेट’ अशी नावं घेतली जातात. बहुतेक वेळा त्यामागे दोनच वस्तू असतात. एक पीव्हीसीचं रेक्झिन, दुसरं पीयूचं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. उन्हाने ते हळूहळू उडून जातात, आणि मग रेक्झिन कडक होऊन घडीवर तडकतं. पीयू हाताला मऊ आणि कातड्याच्या जवळ जाणारं, पण स्वस्त पीयूचा वरचा थर दमट हवेत आतून कुजतो आणि खपल्या निघायला लागतात. कोकणात हे फार लवकर होतं. नमुन्याचा तुकडा हातात घ्या. तो दुमडून नखाने घडी घाला, पांढरी रेघ उमटली तर वरचा थर हलका आहे. उलटा करून पाठीचं विणलेलं कापड बघा, ते विरळ असेल तर टाके धरणार नाही. दोन अंगठ्यांनी शिवण ताणा, टाक्यांची भोकं मोठी होऊन मधून फोम दिसला तर तो माल ठेवून द्या.

नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये बंद गाडीतल्या काळ्या रेक्झिनवर बसवत नाही, तिथे हवा खेळणारं विणलेलं कापड किंवा जाळीचं कव्हर बरं. घरात लहान मुलं असतील तर पुसता येणारं रेक्झिन सोयीचं. चिपळूणच्या दमटपणाचा आणि ओल्या रेनकोटांचा विचार करून वहिनीने फिक्या करड्या रंगाचं, पॉलिएस्टरचं, काढून धुता येणारं कापडी कव्हर घेतलं. सुती टर्किशचं स्वस्त पडत होतं, पण ते पावसाळ्यात वाळत नाही.

कव्हर आणि वायपर यांची गाठ मात्र एका जागी पडतेच. नवं पीव्हीसीचं कव्हर बसवल्यावर तीव्र वास येत असेल तर त्याचे प्लास्टिसायझर उन्हात वाफ होऊन समोरच्या काचेवर आतून जमतात. रात्री समोरून दिवे आले की काच धुरकट दिसते, आपण वायपर फिरवत राहतो, आणि धुरकटपणा जात नाही, कारण तो आतल्या बाजूला असतो. बोटाने आतून रेघ ओढली तर लगेच कळतं. अशा वेळी काही दिवस सावलीत काचा खाली करून गाडी हवेशीर ठेवायची, आणि काच आतून सौम्य साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची. वास महिनाभराने तसाच राहिला तर ते कव्हर दुकानदाराला परत न्या. म्हणून बिल घेताना त्यावर गाडीचं वर्ष, व्हेरिएंट आणि कापडाचा प्रकार लिहून घ्यायला विसरू नका.